फटफटण्याआधीचा उजेड

नवरात्रात पहाटे साडेचारला उठून, पूर्वेला गाव नाही अशा एखाद्या माळावर गेले, तर क्षितिजावर उजेडाचा एक सुळका उभा दिसतो. बुडाशी तो हात लांब करून धरलेल्या वितीपेक्षा थोडा रुंद असतो आणि वर निमुळता होत जातो. मघा नक्षत्र त्याच्या पोटातच असते, त्याच्या वर पुष्याचा अंधुक पुंजका, आणि टोक पुनर्वसूच्या जोडताऱ्यांच्या दिशेने विरत जाते. रंग म्हणावा असा नाही; दुधी, फार तर किंचित पिवळसर. त्याला कडा नाहीत. टक लावून पाहिले की तो हरवतो आणि नजर जराशी बाजूला वळवली की परत येतो. सव्वापाचच्या सुमारास खरी पहाट क्षितिजालगत आडवी पसरू लागते आणि थोड्याच वेळात हा सुळका तिच्यात बुडून जातो. उशिरा उठणाऱ्याला तो दिसतच नाही. वेळेवर उठलेलाही बहुधा ‘आज लवकर फटफटायला लागलं’ एवढेच म्हणून कामाला लागतो.

खगोलशास्त्रात याला राशिचक्रीय प्रकाश म्हणतात. उजेड सूर्याचाच आहे, पण तो आपल्या हवेने इकडे वळवलेला नाही. ग्रह ज्या पातळीत फिरतात त्या पातळीत, बुधाच्याही आतपासून गुरूच्या अलीकडेपर्यंत, बारीक धुळीचा एक चपटा ढग पसरलेला आहे. सूर्याजवळ तो दाट, बाहेर विरळ. पृथ्वी त्या ढगाच्या आतूनच फिरते, म्हणून आपल्याला तो बाहेरून कधी दिसत नाही. सूर्याच्या बाजूला पाहिले की त्याचा दाट भाग उजळलेला दिसतो, इतकेच. हे पुस्तक त्या धुळीबद्दल आहे. त्यातही एका प्रश्नाभोवती ते लिहिले आहे, आणि तो प्रश्न असा की ही धूळ मुळात तिथे शिल्लक कशी. हिशेबाने पाहिले तर ती केव्हाच संपायला हवी होती.

तिकडे वळण्याआधी हा सुळका आश्विनातच इतका चांगला का दिसतो ते सांगायला हवे, कारण त्यातच धुळीच्या पातळीची पहिली खूण आहे. सूर्य वर्षभरात ज्या वाटेने राशींतून सरकताना दिसतो ते क्रांतिवृत्त. धुळीचा ढग जवळजवळ त्याच पातळीत असल्यामुळे उजेडही क्रांतिवृत्ताला धरून असतो. आता क्रांतिवृत्त क्षितिजाशी रोज सारखा कोन करत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पहाटे पुण्या-साताऱ्याच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १८ अंश उत्तरेला, ते पूर्व क्षितिजाशी साधारण ८५ अंशांचा कोन करते. म्हणजे जवळजवळ खडे, वरचे टोक जरासे उत्तरेकडे कललेले. तेच मार्चच्या पहाटे ४८-४९ अंशांवर येते. मग सुळका आडवा होतो आणि त्याचा बराच भाग क्षितिजाजवळच्या जाड, धुरकट हवेत सापडतो. संध्याकाळचे गणित नेमके उलटे आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये सूर्य मावळल्यावर पश्चिमेला सुळका उभा असतो आणि सप्टेंबरात लोळलेला.

उत्तर युरोपात हा फरक फार तीव्र होतो. पॅरिसच्या अक्षांशावर, ४९ अंशांना, चांगल्या मोसमात हा कोन ६४ अंश आणि वाईट मोसमात जेमतेम १८ अंश. त्यामुळे तिथल्या निरीक्षकाला वर्षातून दोन छोट्या खिडक्या मिळतात. आपल्याकडे आकाश स्वच्छ असेल तर बाराही महिने काही ना काही हाती लागते.

चंद्र मात्र आडवा येतो, आणि इथे पंचांग घड्याळापेक्षा उपयोगी पडते. सर्वपित्री अमावास्येपासून दसऱ्यापर्यंत चंद्र पहाटेच्या आधीच मावळलेला असतो, म्हणून नवरात्राच्या सगळ्या पहाटा काळोख्या. अडचण असते ती परतीच्या पावसाची. आकाश खात्रीने हवे असेल तर दिवाळी उलटल्यावर कार्तिकाचा शुद्ध पक्ष धरावा. सुळका तेव्हाही चांगला उभा असतो. गंमत म्हणजे अख्खा महाराष्ट्र ज्या एका दिवशी हटकून पहाटे उठतो, ती नरक चतुर्दशी यासाठी कुचकामाची. पूर्वेला चंद्राची कोर उगवू लागलेली असते आणि खाली फटाक्यांचा धूर. संध्याकाळचा प्रकाश पाहायचा तर माघ वद्य चतुर्थीपासून अमावास्येपर्यंतचे दिवस बरे. महाशिवरात्र त्यातच येते.

हा उजेड माणसांनी फार पूर्वीपासून पाहिलेला आहे, कारण काहींना पहाट नेमकी कधी होते हे ठरवावेच लागे. इस्लामी परंपरेत पहाटेच्या नमाजाची आणि रोज्याची वेळ खऱ्या पहाटेपासून सुरू होते, आणि तिच्या आधी येणाऱ्या, उभ्या, फसव्या उजेडाला वेगळे काढले आहे: सुब्ह-ए-काज़िब, खोटी पहाट. खरी पहाट आडवी पसरते, खोटी उभी राहते आणि तिच्यानंतर पुन्हा अंधारल्यासारखे वाटते, ही पारख तिथे शतकानुशतके सांगितली जाते. आजही माळावर उभे राहून यापेक्षा चांगली कसोटी देता येणार नाही.

शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो पॅरिसला. जोव्हानी दोमेनिको कॅसिनी तेव्हा तिथल्या वेधशाळेत होता. १६८३ च्या मार्चमध्ये संध्याकाळी त्याला पश्चिमेला हा प्रकाश दिसला. वर दिलेला कोन आठवला तर महिना मार्चच का आणि वेळ संध्याकाळच का, हे लगेच लक्षात येईल. त्याच्या आधी इंग्लंडात जोशुआ चिल्ड्रे याने १६६१ मध्ये याचा उल्लेख केला होता, पण कॅसिनीने तो आठवड्यामागून आठवडे टिपला. त्याला दिसले की प्रकाश हवेतल्या एखाद्या पट्ट्यासारखा एका जागी खिळलेला नाही. सूर्य जसजसा राशींतून पुढे सरकतो तसतसा तोही सरकतो. म्हणजे त्याचे नाते सूर्याशी आहे, पृथ्वीवरच्या एखाद्या जागेशी नाही. कॅसिनीबरोबर काम केलेला तरुण स्विस गणिती निकोला फातियो द द्युलिए याने पुढच्या दोन-तीन वर्षांत स्वतः निरीक्षणे केली आणि खुलासा मांडला: सूर्याभोवती राशिचक्राच्या पातळीत असंख्य बारीक कण आहेत आणि ते सूर्यप्रकाश आपल्याकडे वळवतात. गाभ्यात हे उत्तर आजही तसेच उभे आहे.

पण ते सहज मानले गेले नाही. एकोणिसाव्या शतकात या उत्तराला सर्वांत मेहनती विरोध केला तो एका पाद्र्याने, आणि त्याची कथा मला कॅसिनीच्या कथेपेक्षा जास्त शिकवणारी वाटते. जॉर्ज जोन्स हा अमेरिकी नौदलातला चॅप्लिन. कमोडोर पेरीच्या जपान मोहिमेत ‘मिसिसिपी’ या युद्धनौकेवर तो होता. १८५३ ते १८५५ या काळात उत्तर-दक्षिण अक्षांश ओलांडत जाणाऱ्या त्या जहाजाच्या डेकवर उभा राहून तो रात्रीमागून रात्री या प्रकाशाच्या कडा ताऱ्यांच्या नकाशावर काढत राहिला. मोहिमेच्या अहवालाचा तिसरा खंड पूर्णपणे त्याच्या कामाला दिला आहे आणि त्यात तीनशेहून अधिक आकृत्या आहेत. इतकी एकसंध निरीक्षणे त्याआधी कुणीच केली नव्हती.

जोन्सला आढळले ते असे. तो क्रांतिवृत्ताच्या उत्तरेला असला की प्रकाशाचा जोर उत्तरेकडे सरकलेला दिसे, आणि दक्षिणेला गेला की दक्षिणेकडे. पाहणारा हलला आणि वस्तूही हलल्यासारखी दिसली तर वस्तू जवळ असली पाहिजे, असा त्याने साधा तर्क केला. निष्कर्ष काढला की हे सूर्याभोवतीचे काही नसून पृथ्वीभोवतीचे एक कडे आहे. तर्कात चूक नाही. चूक दुसरीकडेच होती. क्रांतिवृत्त कललेले असले की सुळक्याची एक बाजू क्षितिजाच्या जवळ येते. तिचा उजेड हवेच्या जाड थरातून येतो आणि निम्म्याहून कमी होऊ शकतो. मग वरची बाजू आपोआप उजळ वाटते आणि डोळा सुळक्याचा मध्यच वर ढकलतो. अक्षांश बदलला की कल बदलतो, आणि ढकललेला मध्यही बदलतो. जोन्सने हे सरकणे इमानदारीने टिपले. ते हवेने घडवले होते. या पुस्तकातल्या सूचना वापरून जे वाचक स्वतः आकृती काढतील त्यांच्या हातूनही हेच होणार आहे, म्हणून हे इथे सविस्तर सांगितले.

हा उजेड वायूचा की धुळीचा, हा वाद मिटला तो वर्णपटाने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या प्रकाशाचा वर्णपट छायाचित्रावर घेता आला तेव्हा त्यात सूर्याच्या वर्णपटातल्याच काळ्या रेघा सापडल्या. स्वतः चमकणाऱ्या विरळ वायूचा वर्णपट असा दिसत नाही. हा सूर्याचा उजेड होता, घन कणांवरून वळलेला.

रेघा सापडल्यावर पुढचे काम सुचते: त्या किती सरकल्या आहेत ते मोजायचे. कण आपल्या दिशेने येत असेल तर रेघ निळ्याकडे सरकते, दूर जात असेल तर तांबड्याकडे. त्यावरून धूळ ग्रहांच्याच दिशेने फिरते की उलटी, हे कळते. हे मोजमाप लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या ब्रायन मे नावाच्या विद्यार्थ्याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हाती घेतले. टेनेरीफ बेटावरच्या उंच वेधशाळेत त्याने मॅग्नेशियमची एक हिरवी रेघ धरून ठेवली. प्रकाश इतका अंधुक की एकेका दिशेला तासचे तास उपकरण रोखून बसायचे. प्रबंध अर्धवट टाकून तो निघून गेला, कारण ‘क्वीन’ हा त्याचा वाद्यवृंद तोवर गाजू लागला होता. गिटारवादक म्हणून जगभर फिरून झाल्यावर त्याने जुने कागद काढले आणि २००७ मध्ये साठीला पोचताना डॉक्टरेट मिळवली. कणांची मोठी बहुसंख्या ग्रहांच्याच दिशेने फिरते असे त्याला दिसले.

आता धुळीकडे. ढग म्हटले की दाटपणा डोळ्यांपुढे येतो, तो आधी काढून टाकायला हवा. उजेडाचा मोठा भाग ज्या कणांमुळे येतो ते एक-दशांश मिलिमीटर आणि त्याहून लहान असतात. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो, त्याच पट्टीतले. पृथ्वीच्या अंतरावर अशा दोन कणांमध्ये किलोमीटरभर, मोठ्या कणांच्या बाबतीत कित्येक किलोमीटर मोकळी जागा असते. तरी तो दिसतो, कारण आपली नजर कोट्यवधी किलोमीटर लांबीच्या धुळीतून आरपार जाते. सूर्याच्या दिशेला दोन गोष्टींची भर पडते. तिथे धूळ दाट आहे, आणि एवढे बारीक कण उजेड मागे फेकण्यापेक्षा पुढच्या दिशेला जास्त वळवतात. म्हणून सुळका सूर्याकडे उजळत जातो. सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेलाही, मध्यरात्री दक्षिणोत्तर रेषेवर, एक अतिशय अंधुक डाग असतो. तिथल्या कणांची पूर्ण उजळलेली बाजू आपल्याकडे असते. तो पाहायला मात्र उत्तम काळोख आणि बरीच चिकाटी लागते.

हेलिओस ही जर्मन-अमेरिकी यानांची जोडी १९७४ आणि १९७६ मध्ये सुटली आणि सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या तीन-दशांशाइतकी आत गेली. आत जाताना प्रकाश कसा वाढतो ते तिने मोजले. उलट दिशेला पायोनियर १० जात होते. पृथ्वी-सूर्य अंतराच्या सव्वातीन पटींच्या पुढे त्याला हा प्रकाश ताऱ्यांच्या पार्श्वभूमीतून वेगळा काढता येईना. या दोन टोकांमधला भाग म्हणजे आपला ढग.

आणि हा ढग टिकणारा नाही. कारण सूर्यप्रकाश स्वतःच. पाऊस सरळ खाली पडत असला तरी मोटारसायकल चालवणाऱ्याला तो समोरून छातीवर येतो. कक्षेत धावणाऱ्या धूलिकणाला सूर्यप्रकाश तसाच किंचित समोरून येतो. हा समोरचा रेटा फार सूक्ष्म असतो, पण तो कधीच थांबत नाही. कणाचा वेग तो खातो, कक्षा लहान होते, आणि कण मळसूत्री वाटेने सूर्याकडे घसरत जातो. १९०३ मध्ये पॉइंटिंगने हे मांडले आणि १९३७ मध्ये रॉबर्टसनने सापेक्षतावादाच्या आधारे नीट मांडून दाखवले, म्हणून दोघांच्या नावाने ते ओळखले जाते.

एका कणाचा हिशेब करून पाहू. दहा मायक्रॉन त्रिज्येचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा दगडी कण घ्या. घनता पाण्याच्या अडीचपट धरा आणि त्याला पृथ्वीच्या अंतरावर वर्तुळाकार कक्षेत सोडा. तो सूर्यापर्यंत घसरायला सुमारे साडेसतरा हजार वर्षे लागतात. हा काळ अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तिप्पट अंतरावरून, लघुग्रहांच्या पट्ट्याच्या बाहेरच्या भागातून, नऊपट: दीड लाख वर्षांहून थोडा जास्त. कणाच्या आकाराच्याही तो सरळ प्रमाणात असतो, म्हणून शंभर मायक्रॉनचा कण दहापट रेंगाळू शकला असता. मात्र त्याआधीच दुसऱ्या कणाशी टक्कर होऊन त्याचे तुकडे होण्याची शक्यता मोठी. तुकडे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून लहान झाले की सूर्यप्रकाशाचा बाहेरचा दाब त्यांना सूर्यमालेबाहेरच ढकलून देतो. आपल्या कणाला वाटेत पृथ्वीही भेटते. कधी तिच्या गुरुत्वाकर्षणाच्या तालात अडकून तो काही काळ तिच्या कक्षेजवळ थबकतो, कधी सरळ वातावरणात शिरतो. अंटार्क्टिकावरच्या बर्फात असे कण गोळा करून दर वर्षी सुमारे पाच हजार टन धूळ जमिनीपर्यंत पोचते असा अंदाज काढला गेला आहे. जो कण या सगळ्यांतून सुटतो तो सूर्याजवळ पोचून वाफ होतो. तिथे एक धूळमुक्त पोकळी असावी असे हेन्री नॉरिस रसेलने १९२९ मध्येच म्हटले होते. पार्कर यानाने सूर्याच्या खूप जवळ जाऊन घेतलेल्या प्रतिमांमध्ये धूळ तिथे कमी होऊ लागल्याच्या खुणा मिळाल्या आहेत.

सूर्यमालेचे वय साडेचार अब्ज वर्षे. त्यापुढे दीड लाख म्हणजे काहीच नाही. तेव्हा नवरात्रात दिसणारा उजेड ग्रह घडताना उरलेल्या धुळीचा असू शकत नाही. ती केव्हाच गेली. आपण पाहतो ती अलीकडची धूळ आहे, आणि कुणीतरी तिची सतत भर घालत असले पाहिजे.

कोण, यावर बराच काळ लघुग्रहांकडे बोट दाखवले जाई. त्याला सबळ आधार मिळाला तो १९८३ मध्ये इरास या अवरक्त दुर्बिणीच्या उपग्रहाकडून. धूळ सूर्याने तापते आणि अवरक्त प्रारणात स्वतः चमकते. त्या प्रतिमांत क्रांतिवृत्ताला समांतर असे धुळीचे पट्टे सापडले आणि ते विशिष्ट लघुग्रह-कुटुंबांच्या कक्षांशी जुळले. गेल्या काही दशलक्ष वर्षांत तिथे मोठ्या टकरी झाल्या होत्या आणि त्यांचा भुगा अजून पसरत होता. वाटले, झाले उत्तर.

पण पट्टे म्हणजे अख्खा ढग नव्हे. लघुग्रहांच्या कक्षा क्रांतिवृत्ताशी फार कललेल्या नसतात, म्हणून त्यांच्या धुळीचा ढग पातळ असायला हवा. इरासने मोजलेला ढग त्याहून खूपच फुगीर होता. डेव्हिड नेस्वोर्नी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या फुगीरपणालाच पुरावा मानले. वेगवेगळ्या उगमांचे लाखो आभासी कण संगणकात सोडून, ते घसरत जाताना आकाशात किती रुंद पसरतील हे त्यांनी काढले. लघुग्रहांची धूळ अरुंद पडली. दूरच्या ऊर्ट मेघातून येणाऱ्या धूमकेतूंची सगळीकडे पसरली, अतीच. नेमकी बसली ती गुरूच्या प्रभावाखाली आलेल्या, सहा-सात किंवा फार तर वीस वर्षांनी फेरी करणाऱ्या छोट्या धूमकेतूंची. त्यांच्या हिशेबाने अवरक्त उजेडाचा ८५ ते ९५ टक्के भाग याच धूमकेतूंचा. मात्र अशा धूमकेतूंच्या शेपटीतून रोज निसटणारी धूळ या कामाला पुरत नाही. म्हणून धूमकेतू अधूनमधून आपोआप फुटतात, त्यांचा अख्खा गाभा विखुरतो, आणि तोच मुख्य पुरवठा, असे त्यांचे म्हणणे. मला हे उत्तर सर्वांत पटते, आणि पुस्तकाची मांडणीही त्याच बाजूला झुकलेली आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या बाजूचा एक पुरावा मात्र टाळता येत नाही. गुरूकडे निघालेल्या जुनो यानाचे ताऱ्यांवरून दिशा ठरवणारे कॅमेरे वाटेत अनोळखी ठिपके टिपू लागले. ते ठिपके यानाच्याच सौरपट्ट्यांच्या ढलप्या निघाल्या: धूलिकण पट्ट्यांवर आदळत होते आणि मागून तुकडे उडत होते. म्हणजे सौरपट्ट्यांचा तो प्रचंड पसारा नकळत धूळ मोजणारे उपकरण बनला. २०२१ मध्ये त्या गटाने मांडले की हे आघात पृथ्वी ते मंगळाच्या पलीकडच्या भागात जास्त आणि मग गुरूच्या बाजूला कमी आहेत, धुळीच्या कक्षा मंगळाच्या कक्षेशी जुळतात, तेव्हा उगम मंगळ असावा. कल्पना मोहक आहे. पण मंगळावरून सुटायला सेकंदाला पाच किलोमीटर वेग लागतो, आणि तिथली वादळे कितीही मोठी असली तरी त्यांचे वारे त्याच्या जवळपासही जात नाहीत. धूळ वर कशी गेली याचे पटणारे उत्तर मिळाल्याशिवाय मी धूमकेतूंवरून उठणार नाही. पाचव्या प्रकरणात दोन्ही बाजूंचे आकडे समोरासमोर ठेवले आहेत.

उरलेले पुस्तक निरीक्षणाचे आहे आणि त्याला दुर्बीण लागत नाही. उलट दुर्बिणीने नुकसान होते: पसरलेल्या उजेडाची दर चौरस अंशाची तेजस्विता कोणत्याही भिंगाने वाढत नाही, दृष्टिक्षेत्र मात्र आकसते आणि सुळक्याला बाजूचा काळोख मिळत नाही. अर्धा तास अंधारात डोळे सरावू द्यायचे आणि मोबाईल खिशात ठेवायचा. पहिली फसगत गावाच्या दिव्यांची होते. तो उजेडही क्षितिजावर फुगवट्यासारखा दिसतो, पण तो बुटका, बहुधा नारिंगी किंवा निळसर पांढरा, आणि अर्ध्या तासानेही त्याच जागी. खरा सुळका ताऱ्यांबरोबर वर सरकतो. साडेचारला मघा त्याच्या बुडाशी असेल तर पाचला ती वर गेलेली असते आणि सुळक्याचा आणखी उजळ भाग खालून आलेला असतो. आकाशगंगेशी गोंधळ झालाच तर तिच्यात गाठी आणि काळे डाग असतात. हा प्रकाश सगळीकडे सपाट, एकसारखा असतो. सुळका निम्म्या आकाशापर्यंत सहज जाताना दिसला तर जागा उत्तम समजावी. पेंचचा महाराष्ट्रातला भाग २०२४ पासून आंतरराष्ट्रीय काळोख-आकाश उद्यान म्हणून मान्य आहे. तिथे त्याहून वर, आकाशभर गेलेली फिकट पट्टीही शोधता येईल.

आकृती काढणाऱ्यांसाठी एकच सूचना इथे करतो. दोन्ही कडा कोणत्या ताऱ्यांजवळून जातात ते आधी लिहून घ्यावे, मध्य डोळ्याने ठरवू नये. आणि क्षितिजापासून वीस अंशांच्या खालच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, कारण जोन्सला फसवणारी हवा तिथेच असते. उरलेल्या नोंदींतून मध्यरेषा काढली की ती क्रांतिवृत्तावर नेमकी बसत नाही असे दिसण्याची शक्यता आहे. धुळीची पातळी खरोखरच क्रांतिवृत्ताशी सुमारे दोन अंश कललेली आहे. एका पहाटेच्या आकृतीतून ते सिद्ध होणार नाही. वेगवेगळ्या महिन्यांच्या आकृत्या एकावर एक ठेवाव्या लागतात.

पुस्तकातले नकाशे आणि वेळा पुणे-सातारा धरून दिल्या आहेत. नागपूर-चंद्रपूरकडे सूर्य सुमारे वीस मिनिटे आधी उगवतो, तेव्हा तिकडच्या वाचकांनी तितके आधी उठावे. गोव्यापासून विदर्भापर्यंत सुळक्याच्या कलात पाच-सहा अंशांपेक्षा जास्त फरक पडत नाही, त्यामुळे नकाशे सगळीकडे चालतील.